‘कुलूपबंद कालावधी’ आणि इतर दोन शब्द

दुकानासाठी पाच वर्षांच्या मुदतीने एक गाळा भाड्याने घेत आहे. करार इंग्रजीत असून मालकाच्या कार्यालयाने त्याचे मराठी भाषांतर दिले आहे. त्यात ‘३६ महिन्यांचा कुलूपबंद कालावधी’, ‘दरवर्षी ५ टक्के भाडेवाढ’ आणि ‘सहा महिन्यांच्या भाड्याइतकी आगाऊ रक्कम’ असे लिहिले आहे. आतील कामासाठी पहिले दोन महिने भाडे माफ आहे. कुलूपबंद म्हणजे भाडे थकले तर मालक दुकानाला कुलूप लावणार का? आणि धंदा चालला नाही, तर आगाऊ रकमेतून शेवटचे सहा महिने वळते करून मी बाहेर पडू शकतो, असेच ना? दोन्ही मजकुरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सही अजून झालेली नाही.
— एक दुकानदार

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे ‘नाही’ पहिल्यापेक्षा बरेच महागाचे आहे. सही झालेली नाही हे फार बरे झाले, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातले जवळजवळ सगळे आज एका पत्राने दुरुस्त होऊ शकते आणि सहीनंतर त्यासाठी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागेल.

कोणत्याही कलमाकडे वळण्याआधी करारातले शेवटून दुसरे कलम वाचावे. भाषांतर केवळ सोयीसाठी दिलेले असून दोन मजकुरांत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जाईल, असे त्यात म्हटले आहे. असे कलम बहुतेक भाषांतरित करारांत असते आणि त्यात गैर काही नाही, कारण वाद झाला तर दोन मजकुरांपैकी एकाला वरचढ मानावेच लागते. मात्र त्याचा अर्थ असा की, आपण जो मराठी कागद समजून घेऊन सही करणार आहात, तो आपल्याला बांधत नाही आणि आपले रक्षणही करत नाही. मराठीत सोपे वाटलेले वाक्य इंग्रजीत कठोर असेल, तर कठोर वाक्यच लागू होईल.

आता तो कुलूपबंद कालावधी. भाषांतरकाराने ‘लॉक-इन’ या शब्दाचे अक्षरशः भाषांतर केले आहे आणि त्यातून आपल्याला साहजिकच कुलूप दिसले. प्रत्यक्षात त्याचा दाराशी काही संबंध नाही. करार सुरू झाल्यापासून अमुक महिने त्यातून बाहेर पडता येणार नाही, अशी ती अट आहे. ‘बंधनकारक मुदत’ म्हटले असते तर आपला गोंधळ झाला नसता. भाडे थकल्यास मालक काय करू शकतो, याचे कलम वेगळे आहे. तिथे आधी लेखी सूचना, मग थकबाकी भरण्यासाठी १५ दिवस, आणि त्यानंतर करार रद्द करण्याचा अधिकार असा क्रम आपल्या प्रतीत दिला आहे.

बंधनकारक मुदतीच्या कलमात खरी अडचण शब्दाची नसून वाक्यरचनेची आहे. मराठी वाक्य असे आहे: ‘या कालावधीत करार संपुष्टात आणता येणार नाही.’ कोणाला आणता येणार नाही? मराठीत असे कर्ता नसलेले वाक्य सहज लिहिले जाते आणि वाचणाराही ते दोघांना लागू आहे असे धरून पुढे जातो. इंग्रजी वाक्यात मात्र कर्ता आहे, आणि तो फक्त भाडेकरू आहे. मालकासाठी सहा कलमे पुढे स्वतंत्र तरतूद आहे, जिच्यानुसार तो केव्हाही तीन महिन्यांची सूचना देऊन गाळा परत मागू शकतो. म्हणजे ३६ महिने बांधलेले आहात ते आपण, मालक नाही. गाळ्यात फळ्या, दिवे, फरशी, वातानुकूलन यांवर खर्च करणारे आपण, आणि तो खर्च वसूल होण्याआधी उठवले जाण्याची शक्यताही आपल्याच वाट्याला, अशी ही विषम रचना आहे. मालकालाही निदान त्याच ३६ महिन्यांसाठी बांधून घ्यावे, एवढी मागणी आपण नक्की करावी. भाडेकरू भाडे थकवेल किंवा अटी मोडेल तर मालकाला सूट असावी, हा अपवाद त्यात असणे रास्त आहे.

त्याच कलमातला दुसरा मुद्दा सूचनेच्या वेळेचा. मराठीत लिहिले आहे की, ‘३६ महिन्यांनंतर भाडेकरू तीन महिन्यांची सूचना देऊन करार संपवू शकेल.’ आपण हे वाचून असे समजाल की ३३ महिने पूर्ण होताच सूचना द्यावी आणि ३६ महिने भरताच किल्ल्या सोपवाव्यात. इंग्रजी वाक्यात ‘त्यानंतर’ या अर्थाचा शब्द सूचना देण्याच्या क्रियेला जोडलेला आहे, करार संपण्याला नव्हे. सूचनाच मुळी ३६ महिन्यांनंतर देता येईल आणि तिचे तीन महिने त्यानंतर मोजले जातील. कागदावर ३६ महिने असलेले बंधन त्यामुळे व्यवहारात ३९ महिन्यांचे होते, आणि ते वाढीव तीन महिने चौथ्या वर्षाच्या वाढलेल्या दराने भरावे लागतात. ‘३६ महिने पूर्ण होताना संपेल अशी सूचना आधीही देता येईल’ एवढे एक वाक्य घातले की हा प्रश्न मिटतो. माझ्या अनुभवात मालक या दुरुस्तीला सहसा हरकत घेत नाहीत, कारण पुष्कळदा त्यांनाही आपल्या करारात असे लिहिले आहे याची कल्पना नसते.

आता मुदतीच्या आत बाहेर पडावे लागले तर काय होईल, ते एकदा आकड्यांत पाहू. आपले मासिक भाडे पत्रात दिलेले नाही आणि त्याची गरजही नाही. पहिल्या वर्षाचे मासिक भाडे १०० धरू, म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा आपल्याला आपल्या भाड्याच्या टक्केवारीसारखा वाचता येईल. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढून दुसऱ्या वर्षी १०५ आणि तिसऱ्या वर्षी ११०.२५ होते. समजा, धंदा जमला नाही आणि ताबा घेतल्यापासून २२ महिने पूर्ण होताच आपण गाळा सोडला. ३६ पैकी १४ महिने उरले, आणि करारानुसार त्यांचे भाडे आपल्याला द्यावेच लागेल. त्यांतले पहिले दोन दुसऱ्या वर्षातले, म्हणून २१०; पुढचे बारा तिसऱ्या वर्षातले, म्हणून १३२३. एकूण १५३३, म्हणजे पहिल्या वर्षाच्या दराने सव्वापंधरा महिन्यांहून जास्त भाडे, तेही जिथे आपले दुकान आता नाही अशा जागेसाठी. ‘उरलेल्या कालावधीचे भाडे’ या तीन साध्या शब्दांच्या पोटात एवढे दडलेले आहे.

ही रक्कम सगळीच्या सगळी वसूल होईल का, हे कोणत्या देशाचा कायदा लागू आहे त्यावर ठरते. काही ठिकाणी मालकाने नवा भाडेकरू शोधून आपले नुकसान कमी करण्याचा वाजवी प्रयत्न करावा, अशी अपेक्षा कायदा करतो आणि काही ठिकाणी करत नाही. न्यायालय काय म्हणेल यावर विसंबण्यापेक्षा करारातच असे लिहून घ्यावे की, गाळा पुन्हा भाड्याने गेला तर ज्या दिवशी नव्या भाडेकरूचे भाडे सुरू होईल त्या दिवशी आपले देणे थांबेल. मालक याला तयार नसेल तर उरलेल्या भाड्याला मर्यादा मागावी. चार किंवा सहा महिन्यांचे भाडे देऊन मोकळे होता येईल अशी तडजोड पुष्कळ ठिकाणी मान्य होते. आणि पोटभाडेकरू ठेवण्याची किंवा मालकाच्या संमतीने करार दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभा आपल्या प्रतीत अजिबात नाही. ती असती तर बाहेर पडण्याची एक वाट तिथेही होती.

भाडेवाढीच्या कलमाबद्दल आपण काही विचारलेले नाही, तरी ते इथे जोडून घ्यावे लागते. मराठीत ‘दरवर्षी मूळ भाड्यावर ५ टक्के’ असे आहे, आणि इंग्रजीत ‘लगतपूर्वी देय असलेल्या भाड्यावर’. पहिल्या रीतीने पाच वर्षांचे दर १००, १०५, ११०, ११५, १२० असे होतात. दुसऱ्या रीतीने १००, १०५, ११०.२५, ११५.७६, १२१.५५. चक्रवाढ म्हटली की माणूस दचकतो. पण पूर्ण पाच वर्षांत मिळून हा फरक साधारण ३१ भरतो, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तफावत आहे म्हणून ती दुरुस्त करून घ्यावी, पण वाटाघाटीत आपले वजन इथे खर्च करू नये. दहा वर्षांचा करार असता तर दहाव्या वर्षी १४५ आणि १५५ असा फरक पडला असता आणि माझा सल्ला वेगळा असता.

खरे पैसे तारखेत आहेत. आपले भाडे दोन महिने माफ आहे, म्हणजे ताबा एका तारखेला आणि भाडे दुसऱ्या तारखेला सुरू होते. मराठी ‘दरवर्षी’ हा शब्द कोणत्या तारखेपासूनचे वर्ष ते सांगत नाही. इंग्रजी कलम ताब्याच्या तारखेपासून बारा महिने मोजते. परिणामी पहिल्या दराने आपण बारा नव्हे तर दहाच महिने भाडे भराल आणि लगेच वाढ लागेल. पुढची प्रत्येक वाढही दोन-दोन महिने आधी येईल. याची बेरीज पाच वर्षांत ४३ च्या आसपास होते, म्हणजे ज्या चक्रवाढीची सगळ्यांना धास्ती असते तिच्याहून अधिक. तेव्हा भाडेवाढीसाठी वर्ष भाडे सुरू होण्याच्या तारखेपासून मोजावे, अशी मागणी करावी.

इथे मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. मालक खुशीने म्हणेल, ‘ठीक आहे, करारात सगळीकडे भाडे सुरू होण्याचीच तारीख घालू.’ तसे झाले तर बंधनकारक मुदतीचे ३६ महिनेही दोन महिने उशिरा सुरू होतील आणि आपण ताब्यापासून ३८ महिने अडकून राहाल. भाडेवाढीत उशिराची तारीख आपल्या सोयीची आणि बंधनकारक मुदतीत लवकरची. दोन कलमांत दोन वेगळ्या तारखा हव्यात, आणि त्या ‘अमुक घटनेपासून’ अशा न लिहिता दिवस, महिना, वर्ष अशा लिहाव्यात.

भाडेवाढीचे कलम वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी केवळ भाषांतरामुळे झाकली गेली आहे. इंग्रजी करारात ज्या शब्दाची व्याख्या केलेली असते त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापतात. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळते की इथे शब्दाचा रोजचा अर्थ न घेता व्याख्येतला घ्यायचा आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे ती खूण भाषांतरात गळून पडते. आपल्या करारात ‘भाडे’ हा असाच व्याख्या केलेला शब्द आहे आणि दुसऱ्या पानावरच्या व्याख्येत देखभाल शुल्कही त्यात धरलेले आहे. परिणामी ५ टक्के वाढ देखभाल शुल्कावरही लागेल, सहा महिन्यांची आगाऊ रक्कमही त्या शुल्कासह मोजली जाईल आणि वर १५३३ काढताना मी जे १०० धरले तेसुद्धा शुल्कासह धरावे लागतील. देखभालीचा खर्च प्रत्यक्षात जेवढा येईल तेवढाच वाटून घ्यावा आणि त्यावर ठरावीक टक्क्यांची वाढ नसावी, हे रास्त आहे. त्यासाठी व्याख्येतून ते शब्द काढायला सांगावे. मराठी प्रतीत व्याख्या केलेले सगळे शब्द ठळक छापून मागितले तर असे आणखी कुठे घडले आहे का तेही दिसेल.

आता आगाऊ रक्कम. आपल्या पत्रातला सर्वात धोक्याचा गैरसमज याच शब्दातून आला आहे. आगाऊ म्हणजे आधी दिलेले भाडे, आणि आधी दिले असेल तर शेवटी वळते होणार, हा आपला तर्क मराठीप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण मूळ मजकुरात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘सुरक्षा अनामत’ असा आहे. ती भाडे नाही. आपण अटी पाळाल याची हमी म्हणून मालकाकडे बिनव्याजी ठेवलेली रक्कम आहे. ती कोणत्याही महिन्याच्या भाड्यात वळती करता येणार नाही, असे इंग्रजी कलमाचे दुसरेच वाक्य सांगते, आणि ते वाक्य मराठी प्रतीत चक्क गाळलेले आहे. अशा वेळी शेवटचे सहा महिने भाडे न भरता बसलात, तर आपल्या दृष्टीने हिशेब चुकता झालेला असेल आणि मालकाच्या दृष्टीने आपण सहा महिन्यांचे थकबाकीदार असाल. मग वर सांगितलेले १५ दिवसांचे कलम सुरू होईल.

वर घेतलेल्या उदाहरणातच अनामतीचे काय होते ते पाहा. २२ महिन्यांनी सोडल्यावर आपले देणे १५३३ आणि मालकाकडे आपले ६०० आहेत. अनामत देण्यात वळती झाली तर आपल्याला आणखी ९३३ द्यावे लागतील. परंतु आपल्या इंग्रजी कलमात मुदतपूर्व सोडल्यास अनामत जप्त होईल आणि ‘त्याशिवाय’ उरलेल्या कालावधीचे भाडे देय राहील, असे आहे. त्या एका ‘त्याशिवाय’मुळे ६०० गेले ते गेलेच आणि १५३३ पूर्ण उरले, म्हणजे एकूण भार २१३३. मराठी प्रतीत तिथे केवळ ‘व’ आहे, ज्यावरून दोन्ही अर्थ काढता येतात. करारातला एकच शब्द बदलून घ्यायची मुभा मला दिली, तर मी हा बदलून घेईन: ‘अनामत प्रथम या देण्यात वळती करून उरलेली रक्कमच देय राहील.’

अनामतीत नंतर भर घालावी लागेल का, हेही पाहिले. लागेल. रक्कम ‘सर्व काळ चालू भाड्याच्या सहा पट’ असावी, असे मूळ कलम म्हणते. दुसऱ्या वर्षी ३० ची भर, आणि पाचव्या वर्षापर्यंत ६०० ची अनामत ७२९ च्या वर गेलेली असेल. अनामत सहीच्या दिवशी ठरेल तेवढीच राहावी, असे सांगून पाहावे. मालक अडून बसला तरी फार ताणू नये, कारण हे पैसे परत यायचे आहेत.

ते परत कसे येतात, यावर मात्र जरूर ताणावे. आपल्या कलमात ‘गाळा रिकामा केल्यापासून ६० दिवसांत, योग्य त्या वजावटीनंतर’ असे आहे. किल्ल्या दिल्या की आपल्या हातात काहीच उरत नाही आणि ‘योग्य त्या’ वजावटी ठरवणारा मालकच असतो. एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात मी पाहिले आहे की, भिंतींचा रंग, घासलेल्या फरशीची दुरुस्ती आणि न दाखवलेली विजेची थकबाकी अशा नावांनी साठ दिवसांनंतर अनामतीचा एक तृतीयांश भाग हाती आला. त्याच्याकडे ताबा घेतला त्या दिवसाचे एकही छायाचित्र नव्हते. म्हणून किल्ल्या आणि अनामत यांची देवघेव एकाच वेळी व्हावी, अशी अट मागावी. विजेची शेवटची बिले उशिरा येतात हे मालकाचे म्हणणे खरे आहे. त्यासाठी थोडी रक्कम, समजा अर्ध्या महिन्याचे भाडे, ३० दिवस अडवून ठेवायला आपण हरकत घेऊ नये. वापरामुळे होणारी नेहमीची झीज वजावटीत धरली जाणार नाही, हेही लिहून घ्यावे. इंग्रजीत ते आहे. मराठीत ‘झीज व नुकसान वजा करून’ असे नेमके उलटे झाले आहे, जे इंग्रजी मजकूर वरचढ असल्यामुळे या एका ठिकाणी आपल्या पथ्यावर पडते. तरीही मराठी दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर सोडतेवेळी मालकाचा माणूस तोच कागद पुढे करील. मालकाने मधल्या काळात गाळा विकला तर अनामत परत करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येईल आणि तशी लेखी पोच आपल्याला मिळेल, अशी ओळ सध्या कुठेच नाही, ती घालावी.

आता मालकाला पत्र लिहाल तेव्हा ‘भाषांतर चुकले आहे, दुरुस्त करा’ एवढेच लिहू नये. तसे केले तर ते मराठी प्रत इंग्रजीबरहुकूम करून देतील, आणि प्रत शुद्ध होईल पण आपली स्थिती तीच राहील. तफावत असलेली वाक्ये दोन रकान्यांत समोरासमोर लिहावीत आणि तिसऱ्या रकान्यात आपल्याला हवे असलेले वाक्य लिहावे; मग ते वाक्य आधी इंग्रजी करारात घालून घ्यावे आणि त्यानंतर मराठीत. मालक सगळे मान्य करणार नाही, तेव्हा क्रम मनाशी ठरवून ठेवावा: ‘त्याशिवाय’ हा शब्द, मग मालकावरही बंधन, मग अनामत आणि किल्ल्यांची एकाच वेळी देवघेव, तारखा आणि देखभाल शुल्क त्याच्या मागे, आणि चक्रवाढ सर्वांत शेवटी. दुरुस्त झालेल्या इंग्रजी प्रतीची ही वाक्ये, मालकाच्या कार्यालयाशी संबंध नसलेल्या आणि मराठी प्रत न पाहिलेल्या एखाद्या वकिलाकडून, मराठीत तोंडी सांगून घ्यावीत. ताबा घ्याल त्या दिवशी गाळ्याच्या प्रत्येक भिंतीचे, फरशीचे, शटरचे आणि मीटरवरच्या आकड्याचे छायाचित्र काढून त्यांच्या छापील प्रतींवर मालकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची सही घ्यावी आणि त्या कराराला जोडाव्यात.